अण्णांची सात पानं

अण्णा ३० जूनला नोकरी सोडणार हे मे महिन्यातच ठरलं होतं. मुलगा पुण्याला, नातवाला सांभाळायला माणूस नाही, म्हणून खानापूरचं घर बंद करून दोघंही निघाली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत डिस्पॅचचं आणि जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून काम करून आणायला माल पाठवण्याचं, टेबल एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या जागी येळ्ळूरची एक मुलगी आली, बी.कॉम. करून दोन वर्षं दुसरीकडे बिलिंग केलेली. शेठनी अण्णांना सांगितलं, जे काय आहे ते लिहून द्या. अण्णांनी फुलस्केपवर सात पानं पाठपोट लिहून दिली. मुलीनं ती दोनदा वाचली आणि अकाउंट्सला माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, सगळं लिहिलंय हो, पण उद्या सकाळी आल्यावर मी पहिलं काय करू?"

पानं वाचल्यावर मलाही तेच वाटलं. माहिती भरपूर होती, पण अण्णा जसे बोलतात तशी लिहिलेली होती. तिसऱ्या पानावरचा हा तुकडा बघा:

"सोमवारी शिरोलीला बोअरिंगला १५ नग जातात. चलन करावे, ई-वे विसरू नये रक्कम कमी असली तरी. तिकडचे मालक फोन उचलत नाहीत, सुपरवायझरला लावावा. मागचे १२ नग यायचे आहेत, बोललोय. चालू चलनबुक ड्रॉवरमध्ये, जुनी कपाटावर."

पाच वाक्यांत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दोन वाक्यं म्हणजे काम, तिसरं म्हणजे माणूस, चौथं म्हणजे अर्धवट राहिलेलं, पाचवं म्हणजे वस्तू कुठे आहे ते. मी पानांची झेरॉक्स काढली आणि चार रंगांच्या पेन्सिली घेऊन बसलो. कामाला निळा, राहिलेल्याला लाल, माणसाला हिरवा, फायलीला पिवळा. एका वाक्यात दोन रंग आले तर वाक्य तोडायचं, पण अण्णांचे शब्द शक्यतो बदलायचे नाहीत. एक संध्याकाळ गेली. मग चार कागद केले आणि रोज दुपारी जेवणानंतर अण्णांच्या शेजारी अर्धा तास बसायला लागलो.

सगळ्यात जास्त वेळ लाल रंगानं खाल्ला. अण्णांच्या लिखाणात राहिलेलं काम कधीच "राहिलंय" असं म्हणून येत नाही. ते "बोललोय", "सांगून ठेवलंय", "बघतो म्हणालेत", "होईल" असं येतं. वाचणाऱ्याला वाटतं, झालं की काम. मी असे शब्द शोधून अकरा ठिकाणी लाल खूण केली आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारले: नक्की काय अडलंय, आता पाळी कुणाची, कोणत्या तारखेच्या आत, आणि झालं हे कशावरून कळणार. चारांची उत्तरं आली तरच ते लाल कागदावर चढवायचं. अकरांपैकी चार कामं खरोखर झालेली निघाली, अण्णा लिहायला विसरले होते. ती मी खोडली.

त्या १२ नगांबद्दल मी विचारलं, "कधी पाठवले होते, अण्णा?"

"असतील की, पावसाळ्यात."

"ह्या पावसाळ्यात?"

अण्णा गप्प बसले. मग स्वतःच स्टुलावर चढून कपाटावरचं चलनबुक काढलं. चलन गेल्या वर्षीच्या १८ जुलैचं होतं, १५ नग, परत आलेले फक्त ३. ज्या दिवशी आम्ही हे बघत होतो तो २० जून होता.

जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यायला लागतो, किंवा तिथूनच विकला जायला लागतो. साचे, जिग आणि फिक्स्चर ह्याला अपवाद आहेत, आणि यंत्रसामग्रीला तीन वर्षं मिळतात, पण कास्टिंगला एकच. वर्ष उलटलं तर माल पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. आमच्या नगाची किंमत २,४०० रुपये, म्हणजे १२ नगांचे २८,८०० आणि १८ टक्क्यांनी कर ५,१८४. रक्कम फार नाही, पण गेल्या जुलैचा व्यवहार पुन्हा उकरून काढायचा म्हणजे अकाउंट्सला, म्हणजे मला, ताप. आणि नव्या मुलीनं "बोललोय" वाचून पान उलटलं असतं.

अण्णांनी लगेच कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या सुपरवायझरला फोन लावला. तिकडे नऊच नग होते. बोअरिंग करताना ब्लोहोल निघाले म्हणून रिजेक्ट करून कोपऱ्यात ठेवलेले. मग उरलेले तीन? आमच्या गेटच्या रजिस्टरात सापडले. सप्टेंबरात टेम्पोवाल्यानं आणून टाकले होते, वॉचमननं "३ नग, शिरोली" एवढंच लिहिलं होतं, चलन नंबर नाही. म्हणून आवक रजिस्टरात कधी चढलेच नाहीत. लाल कागदावरची ओळ शेवटी अशी झाली: "चलन क्र. ११२, दि. १८ जुलै. ९ नग रिजेक्ट, शिरोलीत पडून. पाळी: त्यांची, पाठवायची. मुदत: १७ जुलै, पण ५ जुलैपर्यंत आणायचे. झालं कधी म्हणायचं: आवक रजिस्टरात चलन ११२ लिहून नोंद पडल्यावर." आणि वॉचमनसाठी निळ्या कागदावर नवं काम आलं: चलन नंबर विचारल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही.

निळा कागद सोपा वाटला होता. रोज, आठवड्याला, महिन्याला अशी वाटणी केली, प्रत्येक ओळ काय करायचं ते सांगून संपेल अशी लिहिली आणि जिथे कारण माहीत नसेल तर माणूस चुकेल तिथे कारण घातलं. ई-वेचंच, म्हणजे वाटेत मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन बिलाचंच घ्या. १५ नगांचे ३६,००० होतात. आंतरराज्य मालाला साधारणपणे ५० हजारांच्या वर ई-वे लागतो, हे बिलिंग केलेल्या मुलीला पाठ आहे, त्यामुळे ती ते काढणारच नाही. पण जॉबवर्कला माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे काढावाच लागतो. आमची माणसं कोल्हापूरला जायला परगाव म्हणतच नाहीत, सकाळी जाऊन जेवायला परत. कागदावर मात्र निपाणी ओलांडून कोगनोळी मागे पडली की राज्य बदलतं. धारवाडला तेच १५ नग पाठवले तर हा नियम लागत नाही. हे कारण ओळीखालीच लिहिलं.

फसगत वेगळीच निघाली. अण्णांनी नोट जूनमध्ये लिहिली, त्यामुळे तिच्यात जूनचीच कामं होती. वर्षातून एकदा-दोनदा येणारं काम त्यांच्या डोक्यात तेव्हा नव्हतंच. हे मला आयटीसी-०४ वरून लक्षात आलं. जॉबवर्कला काय गेलं, काय आलं ह्याचा हा फॉर्म आमच्यासारख्या पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना सहा महिन्यांनी भरावा लागतो, २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिलच्या आत. भरतो मी, पण आकडे अण्णा देतात. सात पानांत त्याचा उल्लेखच नाही! मग आम्ही गेल्या वर्षीचं जावक रजिस्टर पुढ्यात घेतलं आणि एप्रिलपासून एकेक महिना उलटत गेलो. "ह्या महिन्यात वेगळं काय केलंत?" एवढंच विचारायचं. प्लॅटफॉर्म काट्याची वर्षाची तपासणी आणि शिक्का असा निघाला. आणि नोव्हेंबरवर बोट ठेवून अण्णा म्हणाले, "एक तारखेला पलीकडं गाडी सोडायची नाही. हे काय लिहायचं असतंय होय?" कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच तारखेला, आणि सीमेवर कुठे काय अडेल सांगता येत नाही. आमच्याकडच्या कुणालाही हे माहीत असतं. तरी मी लिहिलं, कारण शिरोलीचा सुपरवायझर ३१ ऑक्टोबरला "उद्या पाठवा की" म्हणतो आणि नवा माणूस हो म्हणून बसतो.

हिरव्या कागदावर नाव आणि नंबर पुरत नाहीत. मी आणखी तीन रकाने केले: कशासाठी, कधी फोन करायचा, आणि कोणत्या भाषेत. शेवटच्यावर ऑफिसात हसले. पण पॅटर्नवाला कन्नडच बोलतो, वजनमाप खात्याची पत्रं कन्नडमध्ये येतात, शिरोलीत सगळं मराठी, आणि ट्रान्सपोर्टवाला हिंदीत सुरू करून मराठीत येतो. मुलीचं कन्नड कामापुरतं आहे, म्हणून कन्नड पत्र आलं तर स्टोअर्समधल्या कुणाकडे न्यायचं तेही लिहिलं. अण्णांच्या वहीत काही नंबरांपुढे नुसतं "पाव्हणा" असं होतं. असे पाव्हणे विचारून विचारून त्यांना कामं चिकटवली. एक खरोखरच पाव्हणा निघाला, त्याला काढला.

फायलींचं मी थोडक्यात सांगतो. अण्णांनी सांगितलेली एकही जागा न उघडता लिहायची नाही, एवढाच नियम पाळला. ड्रॉवरमधलं "चालू" चलनबुक संपलेलं होतं, चालू होतं ते लोडिंगच्या टेबलावर. कॉम्प्युटरवर ANNA NEW, ANNA NEW 2 आणि jobwork final असे तीन फोल्डर होते, आणि खरी चालू शीट दुसऱ्यात. ती D:\DESPATCH\JOBWORK मध्ये हलवली, बाकीचे दोन "जुने" म्हणून बाजूला ठेवले, पुसले नाहीत.

पासवर्ड कुठल्याच कागदावर घेतले नाहीत. ई-वे पोर्टलवर मुलीसाठी वेगळा सब-युजर तयार केला, तिच्या स्वतःच्या मोबाईलवर.

२६ जूनला सोमवारची तालीम केली. मुलगी चार कागद घेऊन टेबलावर, अण्णा बाजूला चहा घेऊन, बोलायचं नाही अशी अट. चलन झालं, ई-वे तिच्या लॉगिनवर निघाला. मग मी जीएसटीच्या मुख्य लॉगिननं जुना डेटा बघायला गेलो आणि ओटीपी मागितला. अण्णांच्या खिशात टिंग वाजलं. तेव्हा कुठे कळलं की कुठल्याशा वर्षी नोंदणीत त्यांचाच मोबाईल घातला होता. अण्णा पुण्याला, ओटीपी पुण्याला, आणि आम्ही इथे २० तारखेला जीएसटीचं ३-बी रिटर्न भरायला बसलेलो! त्याच दुपारी अण्णा समोर असताना नोंदणीतला मोबाईल आणि ईमेल बदलायचा अर्ज केला. अशा बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, नव्या नंबरवर आणि ईमेलवर आलेले ओटीपी टाकले की अर्ज पुढे जातो.

६ जुलैला पुण्याहून फोन आला. मला वाटलं खुशालीचा.

"ते नऊ नग आले काय रे?"

"काल आले, अण्णा. भट्टीत गेले सुद्धा."

"आणि रजिस्टरात?"

मी फोन मुलीकडे दिला. तिनं आवक नंबर आणि चलन ११२ वाचून दाखवलं.

"असू दे," अण्णा म्हणाले, "आता लाल कागदावरनं काट ते."