पत्रात ५ टक्के, हातात ११४० रुपये

वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी एचआर बघते. यंदा एप्रिल २०२६ च्या इन्क्रिमेंटचं पत्र माझ्या सहीनं गेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मला ते परत लिहावं लागलं, तो दिवस सांगायचाय.

आमच्याकडे मागची तीन वर्षं स्टाफला ८ टक्के मिळाले, त्यामुळे यंदाही सगळे ८ धरूनच बसले होते, कोणी बाईकचा हप्ता बसवलेला, कोणी पोरीच्या ट्युशनची फी. मॅनेजमेंटनं मंजूर केले ५. एमडी साहेबांनी मला पत्राचा जो मसुदा दिला तो इंग्रजीत होता आणि त्यात "बाजारातली अनिश्चितता", "आपण सगळे एक कुटुंब" असलं सगळं होतं. मी त्यातलं कुटुंब काढलं आणि एक कारण घातलं, की नवीन लेबर कोडमुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा खर्च वाढला म्हणून वाढ कमी आहे. मला वाटलं झालं, खरं कारण दिलं की. सकाळी १० वाजता सगळ्यांना पत्रं वाटली.

जेवणाच्या सुट्टीत क्वालिटीतले आमचे मामा केबिनमध्ये आले. सगळा प्लांट त्यांना मामाच म्हणतो, १४ वर्षं सर्व्हिस, गंगापूरहून रोज कंपनीच्या बसनं येतात. त्यांच्या हातात पत्र, आणि पत्राच्या पाठीमागं पेनानं केलेला हिशोब. म्हणाले, "मॅडम, तुम्ही ५ टक्के लिहिलंय, म्हणजे १५०० व्हायलेत. मग हातात ११४० च का पडायलेत? ३६० कुठं गेले?"

मी त्यांचा कागद बघितला तर एक रुपयाची चूक नव्हती. त्यांचा ग्रॉस ३०,००० होता, त्यात बेसिक १२,०००, बाकी एचआरए, कन्व्हेयन्स वगैरे. आमच्याकडे पूर्वीपासून बेसिक ४० टक्केच ठेवलेलं, बऱ्याच कंपन्यांत असंच होतं कारण पीएफ कमी भरावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला लेबर कोड लागू झाले आणि भत्ते अर्ध्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरायचा असं ठरलं, म्हणून आम्ही या एप्रिलपासून बेसिकच ५० टक्के केलं. मामांचा नवीन ग्रॉस ३१,५०० आणि बेसिक १५,७५०. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतो, म्हणजे आधी १४४० कापले जायचे ते आता १८००. प्रोफेशनल टॅक्सचे २०० आधीही जायचे, आताही जातात, ते धरून इनहँड २८,३६० चा २९,५०० झाला. ज्यांचं बेसिक आधीच १५,००० च्या वर होतं त्यांना हा फटका बसलाच नाही, म्हणजे जास्त पगारवाल्यांना पूर्ण ५ टक्के दिसले आणि मामांसारख्यांना कमी. हे माझ्या पत्रात कुठंच नव्हतं, आणि ही माझी चूक होती, कारण माणूस पत्रातला टक्का बघत नाही हो, हातात किती पडतात ते बघतो.

मी म्हणलं, मामा, ते ३६० तुमच्याच खात्यात जातात आणि कंपनी पण तेवढेच टाकते. मामा म्हणाले, "मग पासबुकात ७२० जास्त दिसतील का?" इथं मी थांबले. दिसणार नाहीत. कंपनीच्या वाढीव ३६० पैकी २५० पेन्शनमध्ये जातात, पीएफच्या पासबुकात कंपनीचे ११० च वाढतात, म्हणजे एकूण ४७०. आणि पेन्शन ठरते शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे या वाढीचा पूर्ण फायदा दिसायला पाच वर्षं जावी लागतात. मी तेव्हाच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर पुढच्या महिन्यात मोबाईलवर पासबुक उघडून मामांनी मला खोटी पाडली असती आणि ते बरोबरच झालं असतं.

ते गेल्यावर मी अकाउंट्सच्या दादांना बसवून घेतलं, म्हणलं मामांच्याच आकड्यावर मला सांगा, जुन्या पद्धतीनं ८ टक्के दिले असते तर कंपनीला किती पडलं असतं. पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद सगळं धरून महिन्याला साधारण २५६० जास्त. आणि आता ५ टक्के देऊन? साधारण २०४०. म्हणजे ५२० रुपये खरंच कमी दिले जात होते, आणि माझं पत्र वाचून असं वाटत होतं की कमी झालेलं सगळंच पीएफ-ग्रॅच्युइटीत तुमच्या नावावर जमा होतंय. ते अर्धंच खरं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण सही माझी होती.

मग हे ५२० कुठं गेले? याचं उत्तर मागच्या वर्षांत होतं. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते, १५ दिवसांचा पगार गुणिले सर्व्हिसची सगळी वर्षं, महिना २६ दिवसांचा धरून. मामांची १४ वर्षांची ग्रॅच्युइटी १२,००० बेसिकवर ९६,९२३ होत होती, १५,७५० वर ती १,२७,२११ झाली. बेसिक आज वाढलं पण मागची १४ च्या १४ वर्षं नव्या भावानं मोजली जातात, म्हणजे एकट्या मामांपाठी ३०,००० च्या वर खड्डा पडला. आमच्याकडे जुनी माणसं जास्त. हा खड्डा ग्रॅच्युइटी फंडात दोन वर्षांत भरायचं ठरलं आणि त्यासाठी पैसे इन्क्रिमेंटच्या रकमेतून काढले गेले. मला स्वतःला हे पटलेलं नाही, कारण बेसिक इतकी वर्षं कमी ठेवून वाचवलं कंपनीनं आणि भरायच्या वेळी वाटा स्टाफनं उचलला. हे मी एमडी साहेबांना तोंडावर सांगितलं. टक्का काही बदलला नाही.

पण पत्र बदललं. मी ते मराठीत लिहिलं, वर पहिल्यांदा हातात किती वाढतील ते, मग मामांचं नाव न घालता त्यांचाच हिशोब, पासबुकातल्या ४७० सकट. त्याखाली सरळ लिहिलं की वाढ खरंच कमी केली आहे आणि मागच्या वर्षांच्या ग्रॅच्युइटीसाठी केली आहे. शेवटी एक ओळ टाकली, की बेसिकचा हा बदल एकदाच होणारा आहे आणि खड्डा दोन वर्षांत भरला की हे कारण पुन्हा दिलं जाणार नाही. त्या ओळीवर साहेब अर्धा तास अडून बसले, म्हणे असं लिहून देतं का कोणी. मी म्हणलं, ही ओळ नसेल तर मी सही करत नाही, दरवर्षी लेबर कोडचं नाव पुढं केलं जाईल. शेवटी बोलले, "मग दोन वर्षांनी उत्तर तुम्हीच द्यायचं." म्हणलं देईन.

साडेपाचला बस सुटायच्या आधी कँटीनमध्ये उभं राहून मी ते वाचून दाखवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मेंटेनन्सचा एक पोरगा म्हणाला मी दुसरीकडं बघायलोय, आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला सुद्धा. मामा सगळ्यात शेवटी आले, एक प्रत मागितली, नीट घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली. म्हणाले, "घरी ८ सांगून बसलो होतो मॅडम. आता हे वाचून दाखवतो तिला, मराठीत हाय ते बरंय."