निपाणी ते दुबई: एकाच रोमिंग पॅकवर चौघांचे पाच दिवस

निपाणीहून रात्रीच्या बसने मुंबई, तिथून दुबई. माणसं चार, दिवस पाच, आणि २ जीबीचा रोमिंग पॅक फक्त एका फोनवर. पॅक शेवटपर्यंत पुरला, पण त्याची तयारी घरीच करावी लागली.

आपल्या सीमाभागात आधी एक सवय मोडायला हवी. कोगनोळी ओलांडून कागलला गेलं की सिम महाराष्ट्राच्या नेटवर्कवर जातं. तिकडे नेट अडू नये म्हणून अनेकजण डेटा रोमिंग कायमचं चालू ठेवतात. देशात त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण बऱ्याच फोनांत परदेशासाठीही हेच बटण असतं. त्यामुळे विमानात बसण्याआधीच, पॅक नसलेल्या तिन्ही फोनांवर ते बंद केलं.

खरा धोका पुढे असतो. पॅकवाल्या फोनचा हॉटस्पॉट बाकीच्यांनी घेतला की त्यांचा फोन त्याला बऱ्याचदा साधं वाय-फाय समजतो, आणि ‘फक्त वाय-फायवर अपलोड’ ही सेटिंग असूनही फोटो चढू लागतात. हिशेब बघा: दिवसभरात १०० फोटो, प्रत्येकी ४ एमबी धरले तर ४०० एमबी. एकेक मिनिटाचे पाच व्हिडिओ, प्रत्येकी ६० एमबी, म्हणजे आणखी ३००. एका फोनचे ७०० एमबी झाले. तीन फोनांचे २.१ जीबी. अख्खा पॅक एका संध्याकाळी संपतो. घरच्या लग्नाचे फोटो चढायचे राहिले असतील तर तेही याच रांगेत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर सगळा बॅकअप पूर्ण होऊ द्या.

हॉटस्पॉट जोडल्यावर अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या नावापुढच्या चाकावर जाऊन ‘Treat as metered’ निवडा. आयफोनमध्ये नावापुढच्या (i) वर जाऊन ‘Low Data Mode’ चालू करा. त्याने आयक्लाउड फोटोंचं अपलोड थांबतं. तरीही गूगल फोटोजमध्ये ‘Backup’ पूर्ण बंद करणं सगळ्यात खात्रीचं. पॅकवाल्या फोनवर तर ते बंदच ठेवा, निदान ‘Back up while roaming’ तरी. व्हॉट्सअॅपचा चॅट बॅकअप वेगळा असतो, तोही बंद करा. गावाकडच्या ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरू नयेत म्हणून ‘Media auto-download’ मध्ये वाय-फायखालच्याही खुणा काढा, कारण हॉटस्पॉट तिथेच मोजला जातो.

पहिल्या तासाभरानंतर पॅकवाल्या फोनवरचा डेटा वापर पाहा. नुसते नकाशे आणि मेसेज वापरूनही आकडा शंभर एमबीच्या पुढे पळत असेल, तर हॉटस्पॉट बंद करा, एकेक फोन जोडा आणि कुठला खातोय ते शोधा. दुबईत अपलोड फक्त हॉटेलच्या वाय-फायवर केलं, तेही हॉटस्पॉट तोडल्याची खात्री करूनच.