आमची वाटचाल: रीलवर आकडा लिहिला तेव्हापासून

आर्वीला घरसजावटीचं दुकान थाटलं तेव्हा आमच्या रीलमध्ये नुसतं 'आधी' आणि 'नंतर' असायचं. खेड्यावरून लोक यायचे, पहिलाच प्रश्न, "मॅडम, पन्नासात होईल ना?" आकडा ऐकून उठून जायचे. चूक त्यांची नव्हती, आम्हीच आकडा लपवला होता.

मग शेजारच्या गावातलं एक काम मिळालं. दहा बाय बाराची खोली, जुनं विटांचं घर, नव्या सुनेसाठी सजवायची होती. खिडकीखालच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत ओल, पांढरा खार फुटलेला. त्याच्यावर दोनदा पुट्टी मारून झाली होती आणि दोन्ही वेळा तिचे पापुद्रे सुटले होते.

आम्ही १ लाख ४५ हजार ते १ लाख ७५ हजार असा अंदाज दिला. मधला तीस हजारांचा फरक दोनच गोष्टींचा. कपाट सात बाय सात, म्हणजे ४९ चौरस फूट. साध्या सनमायकात चौरस फुटाला १,४००, भारीत १,७००. इथेच पंधरा हजारांचं अंतर पडतं. दुसरी गोष्ट भिंत. ती फोडल्याशिवाय खर्च १८ हजार की ३३, हे कोणीच सांगू शकत नाही. पलंग, वायरिंग, रंग मिळून ५८,४०० ठरलेले होते.

प्लास्टर काढलं तर विटा हाताला गार लागत होत्या. चार फुटांपर्यंत सगळं काढून नवीन केलं. भिंतीला ३२ हजार लागले. घरच्यांनी साधा सनमायका घेतला, म्हणून एकूण १ लाख ५९ हजारांत काम बसलं.

दिवस मात्र चुकले. आम्ही २५ सांगितले, लागले ३६. भादव्यातली हवा, सात दिवस पाणी मारलेलं प्लास्टर वाळेचना. सुतार दुकानात कपाट बनवत होता, पण भिंतीला रंग लावायची घाई केली असती तर पुन्हा तेच पापुद्रे. आम्ही दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावला. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले की थांबायचं. ३१व्या दिवशी तो कोरडा निघाला.

रील चाळीस सेकंदांचीच केली. दाराच्या चौकटीवर खडूने खूण करून दोन्ही चित्रण त्याच जागेवरून, सकाळी अकरालाच घेतलं. आधीची खोली अंधारात आणि नंतरची दिव्यांत दाखवली तर अर्धा फरक दिव्यांचाच असतो. कोपऱ्यात दिवस लिहिले: 'दिवस १५, भिंत वाळतेय'. शेवटी अंदाज, खरा खर्च, ठरलेले दिवस आणि लागलेले दिवस लिहिले. गाद्या-पडदे यात नाहीत, हेही.

ती रील पाहून गेल्या महिन्यात एक काकाजी आले. मोबाइलवर आपल्या भिंतीचा फोटो दाखवत म्हणाले, "पैशाचं मंग बोलू ताई, पयले हे वल पाहा."