अकराशे शब्दांची 'पद्धती'

शोधनिबंधांचं संपादन करणाऱ्यांकडे 'पद्धती' हा भाग बहुतेक शेवटी येतो. निष्कर्ष घासूनपुसून झालेले असतात, शब्दमर्यादा ओलांडलेली असते आणि मग जिथून वाटेल तिथून कापायचं ठरतं. या वेळी आवळ्याच्या पावडरीतली एकूण फिनॉल्स मोजणारा निबंध होता. अकराशे शब्दांची पद्धती पाचशेवर आणायची होती. पीएचडी करणाऱ्या मुलाने स्वतःच एकदा छाटून पाठवली होती, आणि ती छान वाचली जात होती. माझ्या मनात शंका आली ती तिथेच.

कापायला पुष्कळ होतं. काचेची भांडी कशी धुतली, स्पेक्ट्रोफोटोमीटर कधी सुरू केला, प्रत्येक परिच्छेदात आलेलं 'काळजीपूर्वक', पद्धतीच्या इतिहासावरची चार वाक्यं, हे सगळं बिनधास्त गेलं. माझी कसोटी एकच असते : ही गोष्ट बदलली तर शेवटचा आकडा बदलेल का? बदलणार नसेल तर कापायचं.

मुलाची छाटणी मात्र उलट्या बाजूने झाली होती. त्याने विशेषणं ठेवली आणि आकडे उडवले. '१०,००० आरपीएमला सेंट्रिफ्यूज केले' एवढंच उरलं होतं. रोटरची त्रिज्या ५ सेंमी असेल तर एवढ्या वेगाला गुरुत्वाच्या सुमारे ५,६०० पट बल मिळतं, १० सेंमी असेल तर ११,२०० पट. दुसऱ्या प्रयोगशाळेतलं यंत्र वेगळं असणारच. 'आरपीएम' काढून '× g' लिहिलं की शब्द तेवढेच लागतात आणि माहिती पूर्ण होते. सोडियम कार्बोनेटचंही तेच. '७.५ टक्के' लिहिलं होतं, पण निर्जल की स्फटिकी? दहा रेणू पाणी असलेल्या स्फटिकी कार्बोनेटचे ७.५ ग्रॅम घेतले तर त्यात खरं कार्बोनेट जेमतेम २.८ ग्रॅम असतं. 'निर्जल' या एका शब्दाची काटकसर भलतीच महाग पडली असती.

फोलिन-सिओकाल्टू चाचणीचा परिच्छेद मी पुन्हा लिहिला. मूळचा दीडशे शब्दांचा होता. आता असा : '०.५ मिली अर्कात दहापट विरल केलेले फोलिन अभिकर्मक २.५ मिली घालून ५ मिनिटांनी ७.५% निर्जल सोडियम कार्बोनेटचे द्रावण २ मिली घातले. २५ अंश सेल्सियसला २ तास अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरला शोषण मोजले. प्रमाण म्हणून गॅलिक आम्ल.' मुलाच्या मसुद्यात 'फोलिन अभिकर्मक व कार्बोनेट मिसळले' असं होतं. क्रम गेला होता, मधली ५ मिनिटंही गेली होती. हे अभिकर्मक अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. म्हणून आधी ते अर्काला भेटायला हवं आणि कार्बोनेट मागाहून. उलट केलं तर रंग कमी येतो, आणि करणाऱ्याला वाटतं की आपला आवळाच निकस.

सर म्हणाले, "अहो मॅडम, 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' लिहा आणि संदर्भ टाका." ही तर सगळ्यांचीच आवडती पळवाट आहे. मी तो संदर्भ उघडला. त्यात आणखी जुन्या निबंधाचा हवाला होता, आणि यांनी वापरलेली प्रमाणं त्या दोन्हींत नव्हती. संदर्भ द्यावा, पण आपण केलेला बदल त्याच वाक्यात सांगावा.

सगळ्यात घातक काट वेगळीच होती. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि फोलिन अभिकर्मक त्याच्याशीही रंग देतं. मुलाने ते डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉलच्या अनुमापनाने वेगळं मोजलं होतं, तेवढ्याच क जीवनसत्त्वाने फोलिनमध्ये किती रंग येतो ते पाहिलं होतं आणि तेवढा भाग वजा केला होता. काम अगदी नीटस. पण छाटताना वजाबाकीचं वाक्यच गेलं, कारण त्याच्या मते ते 'गणित' होतं, पद्धत नव्हे. तक्त्यातले आकडे मात्र वजा केलेलेच. कुणी प्रयोग पुन्हा केला असता तर त्याला कितीतरी जास्त फिनॉल्स मिळाली असती, आणि दोघांतलं कोण चुकलं हे कधीच कळलं नसतं. परीक्षकांनाही हे दिसलं नसतं.

ते वाक्य परत घातलं, तरी पद्धती पाचशेत बसली. मग ती शेजारच्या विभागातल्या एमएस्सीच्या मुलीला दिली आणि एवढ्यावरून प्रयोग मांडता येतो का ते बघायला सांगितलं. तिने सगळं मांडलं आणि एकच प्रश्न विचारला, "पावडरीत ओलावा किती होता?"

आकडे 'प्रति ग्रॅम शुष्क वजन' असे होते. ओलाव्याचा आकडा मुलाच्या छाटणीत नव्हता आणि मूळच्या अकराशे शब्दांतही नव्हता. वहीत 'वाळवली' एवढीच नोंद. पावडरीच्या बाटल्या अजून डेसिकेटरमध्ये आहेत. सर म्हणतात, आज मोजा आणि तोच आकडा लिहा. मुलगा म्हणतो, आजचा ओलावा त्या दिवशीचा कसा म्हणायचा? मला मुलाचं पटतं. पण 'शुष्क' हा शब्द काढला तर तक्ता बदलतो, आणि त्याला सर तयार नाहीत.