आमची वाटचाल: पस्तीस रुपयांचं जेवण आणि ऐंशी रुपयांचा डबा

आम्ही दोघी जावा. चिंचवडला घरच्याच ओट्यावर डबे सुरू केले, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूला खोली करून राहणारी, कंपनीत किंवा ऑफिसात जाणारी मंडळी. आता शेजारची एक खोली भाड्याने घेतली आहे, पोळ्यांना दोन मावशी येतात आणि रोज साधारण साठ डबे जातात. या सगळ्या काळात एक प्रश्न काही सुटला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, हे जेवण घरी पस्तीस रुपयांत होतं. तुम्ही ऐंशी कसे घेता?"

पस्तीस हा आकडा तसा बरोबर आहे. एका माणसाच्या रात्रीच्या जेवणाला तीन-चार पोळ्यांची कणीक, दीडशे ग्रॅम भाजी, मूठभर डाळ, तेवढेच तांदूळ, तेल, फोडणी आणि कांदा-मिरची धरली तर आमच्याकडच्या भावाने तीस ते पस्तीसच्या मध्येच बसतं. आम्ही घाऊक घेतो म्हणून आम्हाला आणखी थोडं कमी पडतं. नुसता शिधा बघितला तर डबा महागच आहे, आणि आम्ही ते कधी नाकारत नाही.

गॅसचं मात्र लोक उगाच घाबरून धरतात. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो नऊशेला पडला असं धरलं तर किलोला त्रेसष्ट-चौसष्ट रुपये. घरची मोठी शेगडी पूर्ण आचेवर तासाला साधारण दोनशे ग्रॅम जाळते. कुकर, भाजी आणि चार पोळ्या मिळून एकट्या माणसाचा सव्वाशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे आठ रुपये. आम्हाला व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो १९ किलोचा आणि किलोमागे बराच महाग असतो. तरीही सगळ्यांची डाळ एकाच पातेल्यात शिजते आणि तवा एकदा तापला की दोन-अडीच तास उतरत नाही, त्यामुळे डब्यामागे चारेक रुपयेच पडतात. म्हणजे फरक चार रुपयांचा. त्यावर डबा लावायचा की नाही हे कोणी ठरवू नये.

वेळेचा हिशेब लोक चुकीच्या बाजूने करतात असं माझं मत आहे. पगाराला तासांनी भागायचं आणि म्हणायचं, स्वयंपाकाचा एक तास म्हणजे माझे तीनशे रुपये. पण संध्याकाळी सात ते आठ या वेळेचे तुम्हाला कोण तीनशे देतंय? तो तास पैशात मोजू नये, तो रोज अंगात उरतो का हे बघावं. भाजी निवडणं-चिरणं, कणीक भिजवणं, लाटणं, शेवटी ओटा आणि भांडी, एकूण तास-सव्वातास. सोमवारी तो निघतो. गुरुवारी ट्रॅफिकमधून साडेआठला घरी आल्यावर निघत नाही. मग फोन काढला जातो आणि बाहेरून मागवलं जातं.

आमच्याकडे एक जण होता, अकाउंट्सचं काम करणारा. फक्त रात्रीचा डबा, महिन्याचे २६ दिवस, २,०८० रुपये. त्याने डबा बंद केला आणि घरी करायला लागला. पुढच्या महिन्यात स्वतःहून वही घेऊन आला, कारण मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मित्रांबरोबरची बाहेरची जेवणं त्याने आधीच वगळली होती, कारण ती डबा असताना पण होतातच. उरलेल्या २६ रात्रींपैकी १७ रात्री त्याने स्वयंपाक केला. शिधा ५९५, गॅस १३६. ९ रात्री कंटाळून मागवलं, सरासरी १८० रुपये, म्हणजे १,६२०. आणि फेकलेलं दीडशेचं, म्हणजे मेथीची अर्धी जुडी, पिवळी पडलेली कोथिंबीर, कोबीचा काळा पडलेला अर्धा गड्डा. एकट्या माणसाला पाव किलो भाजीही दोन दिवस पुरते, तिसऱ्या दिवशी ती नको होते. एकूण २,५०१.

मग आम्ही तिथेच उलटं करून बघितलं. एकही रात्र मागवलं नसतं तर वाया गेलेलं धरूनही १,२६८ मध्ये भागलं असतं. डब्यापेक्षा आठशेने स्वस्त. स्वयंपाक चुकलेली प्रत्येक रात्र त्यात १३७ रुपये वाढवते. सहाव्या रात्री दोन्ही बाजू बरोबरीत येतात. म्हणून आता कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणते, मागच्या महिन्यातल्या ऑर्डरी मोजा. चारच्या आत असतील तर डबा लावू नका, घरीच करा. आठच्या वर असतील तर या. बाहेरून मागवायची सवय शंभर-सव्वाशेत भागत असेल, तर हा आकडा अर्थातच पुढे सरकतो.

डब्याच्या बाजूलाही गळती आहे, ती खाड्यांची. पैसे भरलेला डबा दारात तसाच राहिला तर ऐंशीच्या ऐंशी गेले. महिन्यात पाच डबे असे गेले की उरलेला प्रत्येक डबा जवळजवळ शंभरला पडतो. आमच्याकडे सकाळी दहापर्यंत कळवलं तर खाडा धरतो, कारण भाजी आम्ही साडेदहाला चिरायला घेतो. दुपारी चारला आलेला निरोप आमच्या उपयोगाचा नाही. कोणाकडेही डबा लावताना दराच्या आधी हे विचारून घ्या: खाडा धरता का, आणि किती वाजेपर्यंत?

परत आलेले डबे उघडले की बरंच कळतं. रात्रीच्या डब्यांत खालच्या कप्प्यात भात तसाच घट्ट बसलेला, आणि भाजीच्या कप्प्यात एक पोळी दुमडून ठेवलेली, हे इतक्यांदा दिसलं की आम्ही भात ऐच्छिक केला. भात नको म्हणणाऱ्याला एक पोळी जास्त. तेव्हापासून उष्टं निम्म्यावर आलं. दुसरी अडचण वेळेची. गरम पोळ्या सहाला बंद केल्या आणि माणूस दहाला जेवला, तर पोळ्यांना पाणी सुटतं. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याची भाजी तोवर आंबते, म्हणून एप्रिल-मेमध्ये ओलं खोबरं बंद. पोळ्या आता वाफ गेल्यावर फडक्यात गुंडाळून भरतो. पण सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री जेवणाऱ्याला आम्ही डबा देतच नाही. त्याने घरी कुकर लावावा हेच बरं.

त्या वहीवाल्याशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. त्याला स्वयंपाकाचा कंटाळा नव्हता, पोळ्यांचा होता. डाळ-भात कुकरमध्ये आपोआप होतो, भाजी दहा मिनिटांत परतून होते. कणीक, लाटणं आणि पिठाने माखलेला ओटा यातच निम्मा वेळ जातो. म्हणून आम्ही नुसत्या पोळ्यांचा डबा काढला. चार पोळ्या, बत्तीस रुपये. त्याचं जेवण घरच्या भाजी-डाळीसकट सत्तरच्या आत बसतं, काम अर्ध्या तासावर येतं, आणि मागवण्याच्या रात्री नऊवरून दोनवर आल्या असं तोच सांगतो. आमचा नफा त्यात कमी आहे, पण खाडेही फार कमी पडतात, कारण राहिलेली पोळी सकाळी चहाबरोबर खाल्ली जाते किंवा फोडणीची होते. आता साठातले जवळपास तिसरा हिस्सा डबे असेच जातात. दुसरा मोठा तवा घ्यायचा की आहे त्यावरच मावशींची वेळ वाढवायची, यावर जाऊबाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.