पिन बरोबर, तरी व्यवहार नामंजूर

कार्डाने पैसे घेणाऱ्या टर्मिनलवरच्या आमच्या ॲपची नवी आवृत्ती दुकानांत गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. काही ग्राहकांनी बरोबर पिन टाकला तरी व्यवहार नामंजूर होत होता, आणि तेच कार्ड शेजारच्या दुकानातल्या जुन्या आवृत्तीच्या मशीनवर बिनबोभाट चालत होतं. दुकानदारांचं म्हणणं एकच, मशीन पिन चुकीचा वाचतंय. पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच आला: नेमका कोणता पिन गेला ते लॉगमध्ये बघून घेऊ.

ते शक्यच नसतं. ॲप चालतं एका प्रोसेसरवर आणि पिनची बटणं जोडलेली असतात दुसऱ्या, सुरक्षित चिपला. ॲप त्या चिपला फक्त सांगतं, "या कार्डासाठी पिन घे." बटण दाबलं की ॲपला एवढंच कळतं की एक अंक आला, म्हणून पडद्यावर तारका उमटते. हिरवं बटण दाबल्यावर चिप पिनचा ब्लॉक बनवते, तिथल्या तिथे कूटबद्ध करते आणि 16 हेक्स अंक ॲपच्या हातात देते. सोबत किल्लीचा अनुक्रमांक असतो. दर व्यवहाराला किल्ली नवी, आणि वापरलेली किल्ली चिप पुसून टाकते. त्यामुळे कालचा ब्लॉक आज त्या मशीनलाही उघडता येत नाही. मशीन उघडायचा प्रयत्न झाला तर उरलेल्या किल्ल्याही जातात.

आमच्या सर्व्हरवरही तीच गत. तिथे एचएसएम नावाची पेटी असते. ती एका किल्लीखालचा ब्लॉक आतल्या आत उघडते, तपासते, आणि कार्ड देणाऱ्या बँकेच्या किल्लीखाली पुन्हा बंद करून देते. उघडा पिन पेटीबाहेर येत नाही. आमच्या हाती होता तो पेटीचा एक एरर कोड: ब्लॉकच्या आतला मजकूर नियमात बसत नाही. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली, नकार आमच्याच पेटीचा होता, बँकेपर्यंत काही पोचलंच नव्हतं. म्हणून ग्राहकांचे तीन चुकीचे प्रयत्न मोजले जाऊन कार्ड ब्लॉक होत नव्हती.

किल्लीच चुकली असती तर त्या मशीनवर सगळीच कार्डं पडली असती. इथे 16 अंकी कार्डं व्यवस्थित चालत होती. पडलेल्या व्यवहारांमध्ये समान होतं ते एकच: कार्ड क्रमांक 19 अंकी, जुन्या मेस्ट्रो डेबिट कार्डांचा.

पिनचा ब्लॉक नुसत्या पिनचा नसतो. पिनची लांबी, पिन आणि उरलेल्या जागी F अशी एक ओळ. कार्ड क्रमांकातला शेवटचा तपासअंक सोडून उरलेल्यातले उजवीकडचे 12 अंक अशी दुसरी. दोन्ही ओळी बिट-बिट एकमेकींत मिसळून, म्हणजे XOR करून, मग कूटबद्ध करतात. उघडताना पेटी खऱ्या कार्ड क्रमांकाचे अंक घेऊन तोच XOR पुन्हा करते, की पिनची ओळ परत मिळते. हे 12 अंक कापून चिपला देण्याचं काम आमच्या ॲपकडे होतं. कार्डाची चिप क्रमांक देताना दोन-दोन अंकांचा एक बाइट करते, म्हणून 19 अंकांच्या शेवटी जागा भरायला एक F येतो. नव्या आवृत्तीत तो F काढायचा राहिला होता. ॲपने F लाच तपासअंक समजून सोडलं आणि 12 अंकांची खिडकी एका घराने सरकली.

लॅबमधल्या मशीनमध्ये चाचणीची, आम्हाला ठाऊक असलेली किल्ली असते, म्हणून तिथला ब्लॉक उघडता येतो. चाचणी कार्डाचे शेवटचे अंक 1234567890125 आणि पिन 1234 घेतला:

```
पिनची ओळ        041234FFFFFFFFFF
ॲपने दिलेले अंक   0000234567890125
XOR             041217BA9876FEDA
खरे अंक          0000123456789012
पेटीत उघडल्यावर   0412058ECE0E6EC8
```

पेटीला लांबी 4 दिसली, पहिले दोन अंक 12 हेही बरोबर, कारण त्या जागी कार्ड क्रमांकाचं शून्यच असतं. पुढे मात्र 34 च्या जागी 05, आणि F च्या जागी भलतंच. ते F शाबूत नाहीत म्हणूनच पेटीने ब्लॉक नाकारला. ही तपासणी नसती तर 1205 हा पिन बँकेकडे गेला असता आणि ग्राहकाचा एक प्रयत्न खरोखरच वाया गेला असता.

ॲपला पिन दिसत नसला तरी ब्लॉक बिघडवण्याइतका त्याचा हात त्यात असतो, हे यातून नीट दिसतं. दुसराही एक धोका असतो: ॲपने रक्कम विचारायच्या साध्या खिडकीवरच "पिन टाका" असं लिहिलं तर? म्हणून साधे अंक घेणारा मजकूरही टर्मिनलचा निर्माता मंजूर करतो आणि ॲपवर त्याची डिजिटल सही लागते.

दुरुस्ती एका ओळीची होती: क्रमांकाच्या शेवटचा F आधी काढा, मग अंक मोजा. 15 अंकी कार्डांनाही तोच F लागतो. या दुकानांत ती स्वीकारलीच जात नव्हती, म्हणून तक्रारी फक्त 19 अंकी कार्डांच्या आल्या. आता आवृत्ती बाहेर पडण्याआधी 15 आणि 19 अंकी चाचणी कार्डांवर पिनसह व्यवहार करून बघतात.