लाल पेन लागलंच नाही, ती पानं शोधताना

माझी ताई कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. सराव परीक्षेनंतर दोन मुलं तिच्याकडे पेपर घेऊन आली. एकाचं अख्खं पान तपासायचं राहिलं होतं, दुसऱ्याचं पुरवणीतलं शेवटचं उत्तर. ताई वैतागली. "अरे, ३८ पेपर पुन्हा पानन् पान उलटत बसू का मी? तुझ्या त्या कॉम्प्युटरला लाल शाई ओळखता येत नाही का?"

येते की, म्हटलं. एक संध्याकाळ पुरेल असं वाटलं होतं, पण चार लागल्या.

पहिली संध्याकाळ तर कोडपर्यंत पोचलोच नाही. कॉलेजच्या मोठ्या झेरॉक्स-कम-स्कॅनरवर रंग 'ऑटो' ठेवलेला होता. पानावर रंग कमी दिसला की मशीन ते पान परस्पर करड्या छटांत साठवायचं. निळंकाळं लिखाण आणि कोपऱ्यात एवढीशी टिकमार्क असलेली पानं नेमकी त्यात गेली. करड्या पानात प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखेच असतात, त्यामुळे ही गफलत ओळखणं सोपं: अख्ख्या पानात तिन्हींमध्ये कुठेच फरक नसेल, तर ते पान कोऱ्या कागदासारखं 'लाल नाही' म्हणून मोजायचं नाही, परत स्कॅन करायचं. सगळी ४१२ पानं रंग सक्तीने चालू ठेवून, २०० डीपीआयवर पुन्हा काढली. या रिझोल्यूशनला बॉलपेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघ साधारण ४ पिक्सेल जाड येते. त्याहून कमी नको.

मग सगळे करतात तेच केलं. चित्र ओपनसीव्ही या लायब्ररीने एचएसव्हीत, म्हणजे रंगाची छटा, गडदपणा आणि उजेड वेगवेगळे मोजणाऱ्या पद्धतीत बदललं आणि ठरावीक पट्ट्यातले पिक्सेल निवडणाऱ्या `inRange` ला ह्यू, म्हणजे छटेचा आकडा, ० ते १० दिला. ताईच्या टिकमार्कांपैकी जेमतेम चार-दोन तुकडे सापडले. एका टिकमार्कवरचा पिक्सेल छापून बघितला: लाल १९६, हिरवा ५८, निळा ७२. निळा हिरव्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे शाई किंचित गुलाबीकडे झुकलेली. ह्यू आला १७७. ओपनसीव्हीत ह्यू ० ते १७९ असा मोजतात, कारण ३६० अंश एका बाइटमध्ये मावत नाहीत म्हणून निम्मे केलेले असतात. लाल रंग नेमका या वर्तुळाच्या सांध्यावर बसतो. थोडा नारिंगीकडे गेला तर ५, थोडा गुलाबीकडे गेला तर १७५. म्हणून दोन पट्टे घ्यावे लागतात, ० ते १० आणि १७० ते १७९, आणि दोन्हींतून निवडलेले पिक्सेल जोडावे लागतात.

जोडले, तर आता सगळंच लाल! काळ्या पेनाच्या अक्षरांनाही वरच्या कडेने लाल किनार दिसू लागली. भिंगातून कागद पाहिला, तिथे काहीच नव्हतं. ही किनार स्कॅनरची देणगी होती. पातळ सेन्सरच्या स्कॅनरमध्ये लाल, हिरवे, निळे दिवे एकापाठोपाठ एक लागतात, आणि तेवढ्यात कागद केसभर पुढे सरकलेला असतो. अक्षराच्या आडव्या कडेला तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत.

तो पिक्सेल होता लाल ७०, हिरवा ४०, निळा ४८. ह्यू १७२, सॅचुरेशन १०९. माझी सॅचुरेशनची मर्यादा होती १००, त्यामुळे हा आरामात आत आला. डोळ्यांना जवळजवळ काळा दिसणारा ठिपका एवढा 'गडद रंगीत' कसा? सॅचुरेशन हे गुणोत्तर आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक भागिले मोठा आकडा, गुणिले २५५. इथे फरक फक्त ३०, पण भागायचं ७० ने. अंधाऱ्या पिक्सेलमध्ये एवढासा फरकही मोठा दिसतो. मर्यादा वाढवली, की ताईची फिकट ओढलेली टिकमार्क हातची जायची.

म्हणून भागाकारच सोडून दिला आणि साधा फरक बघितला: लाल, वजा हिरवा-निळ्यातला मोठा. पेनसाठी १९६ वजा ७२, म्हणजे १२४. किनारीसाठी ७० वजा ४८, म्हणजे २२. मध्ये भरपूर जागा. मर्यादा ४० ठेवली.

```python
img = cv2.imread("p017.png")
b, g, r = [c.astype(np.int16) for c in cv2.split(img)]
diff = r - np.maximum(g, b)
red = ((diff > 40) & (r > 90)).astype(np.uint8) * 255
```

यातलं `int16` मी आधी लिहिलं नव्हतं, आणि मुलांची सगळी निळी अक्षरं लाल ठरली. एका बाइटमध्ये ऋण संख्या मावत नाही: १०० वजा १९० चं उत्तर उणे ९० न येता १६६ येतं. यावर एक अख्खी संध्याकाळ गेली, सांगायलाही लाज वाटते.

राहिली समासाची छापील लाल रेघ. तिचा फरक ७५ च्या आसपास, त्यामुळे रंगाने ती वेगळी काढायला गेलं की फिकट टिकमार्कही जाते. ती आकाराने ओळखायची: सरळ उभी, लांबच लांब. ८० पिक्सेल, म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर अखंड उभं लाल दिसलं, की ती रेघ.

```python
line = cv2.morphologyEx(red, cv2.MORPH_OPEN,
                        np.ones((80, 1), np.uint8))
line = cv2.dilate(line, np.ones((9, 5), np.uint8))
red[line > 0] = 0
```

८० च का? फीडरमधून पान थोडं तिरकं जातंच. ३ पिक्सेल जाडीची रेघ १ अंश कलली, तर एका स्तंभात ती सलग साधारण १७० पिक्सेलच उभी दिसते. २ अंशांना त्याच्याही निम्मी. मी सुरुवातीला २०० ठेवले होते, तेव्हा जरा कललेल्या पानांवरची रेघ तशीच राहायची आणि न तपासलेलं पान 'तपासलं' म्हणून निघून जायचं. इथे चूक कुठल्या बाजूला झालेली परवडेल हेही बघायला हवं. रेघेबरोबर समासातल्या गुणांचा एखादा तुकडा गेला तर फार तर एक पान उगाच हाताने बघावं लागेल.

शेवटी एकमेकांना चिकटलेल्या पिक्सेलचे तुकडे मोजणाऱ्या `connectedComponentsWithStats` ने १२० पिक्सेलपेक्षा लहान ठिपके टाकून दिले. ८ मिलिमीटरची टिकमार्क अडीचशेच्या आसपास भरते, त्यामुळे तेवढं अंतर ठीक होतं. ज्या पानावर एकही तुकडा उरला नाही, त्याचा नंबर यादीत.

यादीत १९ पानं आली. १२ कोरी होती, ४ पानांवरचं उत्तर पुढच्या पानावर संपलं होतं आणि गुण तिथे दिले होते. उरलेली ३ खरंच राहिली होती. त्यात तक्रार घेऊन आलेल्या दोघांपैकी एकाचंच पान होतं.

दुसऱ्याचं पान कोडने 'तपासलं' म्हणून सोडून दिलं होतं. उघडून बघितलं. हृदयाची सुबक आकृती, आणि त्यात महाधमनी लाल स्केचपेनने रंगवलेली. ताई म्हणाली, "लाल वापरू नका म्हणून घसा कोरडा करते मी!" शाई कोणाची, हे रंगावरून कळत नाही. आता कोड पानावर किती लाल तुकडे आहेत आणि सर्वांत मोठा केवढा, हेही छापतो. एकच भलामोठा तुकडा आणि बाकी काही नाही, असं पान ताई स्वतः उघडून बघते. अशी आणखी ५ पानं निघाली. पाचही आकृत्या होत्या, आणि त्यातल्या एकीला गुण द्यायचे राहिले होते.